मूळ प्रत दाखवा

एका गल्लीत मुलं क्रिकेट खेळत आहेत. कॅमेरा उंचावर कुठेतरी बसवलेला असावा, कारण सगळं वरून दिसतंय, दुकानाबाहेरच्या सीसीटीव्हीत दिसतं तसं. दोन माणसं बसलेली एक मोटरसायकल येते आणि मुलांच्या शेजारी हळू होते. मागे बसलेला माणूस वाकून एका लहानग्याला उचलतो. गाडी सुसाट निघून जाते, बाकीची मुलं मागे धावतात आणि व्हिडिओ संपतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात हा व्हिडिओ भारतातल्या असंख्य फोनांवर पोहोचला. सोबतच्या मजकुरात गावाचं नाव बदलत जायचं, भाषाही बदलायची. सांगणं मात्र एकच असायचं : मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर टाका.

आता एक कोडं. या व्हिडिओत कुणाचाही चेहरा बदललेला नव्हता. आवाज बनावट नव्हता, संगणकाने काही रंगवलेलं नव्हतं. मोटरसायकल खरोखर आली होती, मूल खरोखर उचललं गेलं होतं. तरीही व्हिडिओ साफ खोटा होता. हे कसं शक्य आहे?

पुढे काय झालं होतं

उत्तर व्हिडिओच्या पुढच्या भागात आहे, म्हणजे तुमच्या-आमच्या फोनवर कधी आलाच नाही त्या भागात. गेलेली मोटरसायकल परत येते. मुलाला अलगद खाली उतरवलं जातं. मग त्या दोघांतला एक जण कॅमेऱ्यासमोर फलक धरतो. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, आपल्या मुलांवर लक्ष ठेवा, असा त्याचा आशय. पाकिस्तानातल्या कराची शहरात ‘रोशनी हेल्पलाइन’ नावाची संस्था हरवलेल्या मुलांसाठी काम करते. पालकांनी सावध व्हावं म्हणून तिच्यासाठी केलेली ही जाहिरात होती. त्यातलं अपहरण म्हणजे ठरवून केलेला अभिनय.

कुणीतरी शेवटचा भाग कापला आणि पालकांना सावध करणारी फिल्म अफवेचा पुरावा बनली. त्यासाठी लागलं काय, तर कोणत्याही साध्या फोनमध्ये असलेलं कात्रीचं बटण.

त्या वर्षी मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांनी देशात अनेक ठिकाणी माणसं मारली. आपल्या महाराष्ट्रात १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत तिकडे गेले होते. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. त्याच दिवशी मालेगावातही जमावाने अशाच संशयावरून एका कुटुंबाला घेरलं होतं. पोलिसांनी त्यांना सोडवलं म्हणून ते वाचले.

असे मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक लोक वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांना आपल्या मुलांची काळजी होती. ‘खोटं असेल तर असेल, सावध केलेलं बरं’ असं त्यांना वाटलं. म्हणून तुम्हाला ‘चांगले वागा’ असं सांगून काही उपयोग नाही. तुम्हाला हवी आहे एक ठरलेली कृती, जी फॉरवर्डच्या बाणावर बोट ठेवण्याआधी दर वेळी करायची. ती कृती एकच आहे, आणि पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

सवय : मूळ कुठे आहे?

दहावीनंतर कॉलेजात प्रवेश घ्यायला जाल तेव्हा खिडकीपलीकडचे कारकून झेरॉक्सवर भागवून घेणार नाहीत. ‘ओरिजिनल आणलंय का?’ असं विचारतील. यात तुमच्यावर संशय नसतो. झेरॉक्समध्ये खाडाखोड दिसत नाही, मागची बाजू दिसत नाही आणि कागदाचा कोपरा कापलेला असला तरी कळत नाही. मूळ कागद समोर आला की हे प्रश्न मिटतात.

व्हॉट्सअॅपवर येणारा प्रत्येक व्हिडिओ हा झेरॉक्सची झेरॉक्स असतो. तेव्हा तो पाहून झाल्यावर ‘हा खरा वाटतोय का?’ असं स्वतःला विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर आपली भीती देते, किंवा आपला राग देतो. त्याऐवजी विचारा : ‘याचं मूळ कुठे आहे?’ आणि ते शोधायला निघा.

मूळ म्हणजे ज्याने चित्रण केलं किंवा जो बोलला, त्याने स्वतः टाकलेली पूर्ण प्रत. ती दर वेळी सापडत नाही, पण तिच्या जवळची प्रत सापडते. जवळची कोणती हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. ती जास्त जुनी असते, जास्त लांब असते आणि जास्त स्वच्छ असते. जुनी, कारण नक्कल मुळाच्या आधी होऊ शकत नाही. लांब, कारण फिरवणारे सहसा कापतात, स्वतः चित्रण करून जोडत नाहीत. स्वच्छ, कारण व्हॉट्सअॅप डेटा वाचवण्यासाठी व्हिडिओ दाबून लहान करतं आणि त्यात बारकावे गळतात. कुणी तो डाउनलोड करून दुसरीकडे चढवतो, तिथे पुन्हा दाबला जातो. असं होत होत पाट्यांवरची अक्षरं वाचता येईनाशी होतात.

या प्रवासात आणखी एक गोष्ट हरवते. तुम्ही फोनने फोटो काढता तेव्हा त्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि कधी कधी जागासुद्धा लपून नोंदवली जाते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ही नोंद पुसली जाते. आणि मग एक फसवी तारीख चिकटते. अँड्रॉइड फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये गेलात तर तुम्हाला अशी नावं दिसतील :

`VID-20180620-WA0014.mp4`

पाहणाऱ्याला वाटतं, २० जून २०१८ चं चित्रण आहे. पण ही तारीख तो व्हिडिओ या फोनवर व्हॉट्सअॅपमार्फत आला त्या दिवसाची असते. चित्रण दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी नाव आजचंच पडणार. ‘तारीख बघ ना, कालचीच आहे’ असं सांगत कुणी फाइलचं नाव दाखवलं तर त्याला हे समजावून सांगा.

व्हॉट्सअॅप एक इशारा मात्र देतं. मेसेजवर एकाऐवजी दोन बाण दिसले तर तो निदान पाच हातांमधून पुढे ढकलला गेलेला असतो. म्हणजे तुमचा मामा किंवा मैत्रीण हे त्याचं मूळ नव्हे, ते फक्त शेवटचं टपाल पोचवणारे. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. वेग कमी झाला, पण मेसेज खरा की खोटा हे ही मर्यादा सांगत नाही.

संगणक चित्र कसं ओळखतो

मूळ शोधायचं साधन म्हणजे चित्रावरून शोध. गूगल लेन्स बहुतेक अँड्रॉइड फोनांत असतंच. त्यात शब्द टाकायचे नसतात, चित्र द्यायचं असतं. इंटरनेटवर तेच चित्र आणखी कुठे आहे ते शोधून ते दाखवतं. हे कसं घडतं ते थोडं समजून घेतलं, तर ते कधी हुकतं हेही कळेल.

एक सोपी, जुनी पद्धत बघू. चित्र कितीही मोठं असो, संगणक त्याला आठ बाय आठ, म्हणजे ६४ चौकोनांएवढं बारीक करतो. रंग काढून टाकतो, फक्त उजेड आणि अंधार ठेवतो. मग सगळ्या चौकोनांच्या उजेडाची सरासरी काढतो. जो चौकोन सरासरीपेक्षा उजळ त्याला १, जो काळपट त्याला ०. झाली ६४ आकड्यांची ओळ तयार. असंख्य चित्रांच्या अशा ओळी आधीच साठवलेल्या असतात. तुमच्या चित्राची ओळ त्यांच्याशी ताडून पाहिली जाते. ६४ पैकी तीन-चारच आकडे वेगळे निघाले, तर बहुधा चित्र तेच. चित्र धूसर झालं, रंग फिके पडले, आकार लहान झाला, तरी उजेड-अंधाराची मांडणी फारशी बदलत नाही. म्हणून दहा वेळा फॉरवर्ड झालेलं चित्रही सापडतं.

आजची साधनं याच्या फार पुढे गेली आहेत. ती चित्रातल्या कडा, आकार, वस्तू ओळखून त्यांचे आकडे करतात. पण चित्राचे आकडे करायचे आणि जवळचे आकडे शोधायचे, हा गाभा तोच राहिला आहे.

आता विचार करा, चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं तर? डावीकडचा अंधार उजवीकडे जातो आणि सगळी ओळ बदलते. व्हिडिओभोवती जाड काळी चौकट घातली, किंवा वर-खाली लाल पट्ट्यांवर मोठी अक्षरं लिहिली, तर त्यांचेही आकडे त्यात मिसळतात. फसवणारे हे जाणून मुद्दाम करतात, तर कधी ग्रुपवरचे उत्साही लोक सहज करतात. आपण काय करायचं तेही यातूनच निघतं. पट्ट्या आणि चौकट छाटून टाकायची. काही सापडलं नाही तर फोनच्या गॅलरीत चित्र उलटं करून पुन्हा शोधायचं. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसत असतील, किंवा आपल्याकडच्या मोटारीचं स्टिअरिंग डावीकडे दिसत असेल, तर कुणीतरी आधीच चित्र उलटं केलेलं असण्याची शक्यता मोठी.

आणखी एक. हा शोध चालत्या व्हिडिओचा नसतो, स्थिर चित्राचा असतो. म्हणून व्हिडिओ थांबवून त्यातलं एक चित्र आपल्यालाच निवडावं लागतं, आणि तपासणीचं यश बरंचसं या निवडीवर ठरतं.

मोटरसायकलच्या व्हिडिओवर हात चालवू

समजा, तो कराचीचा व्हिडिओ आज तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. मजकूर : ‘काल संध्याकाळी नाशिकमध्ये.’ पहिल्यांदा तो आवाज बंद करून पाहा. घाबरवणारं संगीत किंवा कुणाचं तरी किंचाळतं निवेदन बहुतेक वेळा नंतर चिकटवलेलं असतं. ते गेलं की डोळे नीट काम करायला लागतात.

मग शेवट पाहा. गाडी गेली आणि व्हिडिओ लगेच तुटला. सीसीटीव्ही कॅमेरा तर चालूच राहतो. मुलं घराकडे धावली असतील, मोठी माणसं बाहेर आली असतील, ते कुठे गेलं? व्हिडिओ इथेच कुणी थांबवला आणि का? हा प्रश्न प्रत्येक छोट्या व्हिडिओला विचारायचा, सुरुवातीबद्दलही. भांडणाचा व्हिडिओ दुसऱ्या थपडेपासून सुरू होत असेल, तर पहिली कुणी मारली हे कुणीतरी तुमच्यापासून लपवलं आहे.

आता चित्र निवडा. मूल उचललं जातंय तो थरारक क्षण निवडायचा मोह होईल. तो टाळा, कारण त्या क्षणी सगळं हलतंय आणि चित्र फराटलेलं आहे. त्याच्या आधीचं, मुलं शांतपणे खेळताहेत तेव्हाचं चित्र घ्या. गल्ली, भिंती, दारं, तारा असं जितकं जास्त दिसेल तितकं चांगलं. स्क्रीनशॉट काढा, पट्ट्या छाटा, लेन्समध्ये द्या. मग दुसरं एक चित्र व्हिडिओच्या वेगळ्या भागातून घ्या आणि पुन्हा शोधा. पहिल्याने दगा दिला तर दुसरं कामाला येतं.

निकालांत सगळ्यात वर आलेलं सगळ्यात जुनं नसतं. वर येतं ते बहुधा जास्त पाहिलं गेलेलं किंवा जास्त जुळणारं. म्हणून खाली जात राहा आणि त्या तीन खुणा लावत राहा : यापेक्षा जुनी प्रत आहे का, लांब आहे का, स्वच्छ आहे का? तारखेबाबत एक काळजी घ्या. मजकुरात तारीख कुणीही हाताने लिहू शकतो. पण यूट्यूबवर व्हिडिओ चढवला त्या दिवसाची तारीख ते संकेतस्थळ स्वतः नोंदवतं. विश्वास ठेवायचा तो या दुसऱ्या तारखेवर. संगणक जवळ असेल तर `tineye.com` वर निकाल जुन्यापासून नव्याकडे लावता येतात.

या व्हिडिओच्या बाबतीत शोध तुम्हाला लांब प्रतीकडे नेतो. गाडी परत येते, फलक दिसतो, कराचीचं नाव वाचता येतं. पण समजा, ती लांब प्रत तुम्हाला सापडलीच नाही. फक्त कुठल्यातरी अनोळखी पानावर हाच कापलेला व्हिडिओ तीन वर्षांपूर्वी टाकलेला दिसला. तरीही काम झालं! ‘काल संध्याकाळी’ घडलेली गोष्ट तीन वर्षांपूर्वी इंटरनेटवर असू शकत नाही. दावा खोटा पाडायला एक जुनी प्रत पुरते. दावा खरा ठरवायला मात्र मूळ लागतं, शिवाय जागा आणि वेळही जुळावी लागते. खोटं पाडणं सोपं आणि खरं ठरवणं कठीण, हे ज्याला उमगलं तो ‘जुनं काही सापडलं नाही, म्हणजे खरंच असणार’ अशी उडी मारत नाही.

एकच जुनी प्रत किती ताकदीची असते त्याचं उदाहरण त्याच २०१८ सालचं आहे. ओळीने ठेवलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांचा एक फोटो फिरत होता. या मुलांना पळवून त्यांचे अवयव काढले, असं खाली लिहिलेलं. तो फोटो होता सीरियातल्या घूता भागातला, ऑगस्ट २०१३ मध्ये झालेल्या रासायनिक हल्ल्यात गेलेल्या मुलांचा. फोटोत काडीचाही बदल नव्हता. बदलल्या होत्या फक्त खालच्या ओळी, आणि त्यामुळे एका देशातलं दुःख दुसऱ्या देशातल्या निरपराध माणसांच्या जिवावर उठलं.

> चौकट : फॉरवर्ड करण्याआधी
>
> आवाज बंद करून पाहा. सुरुवात आणि शेवट कुठे कापलाय ते बघा.
>
> न हलणारं, जास्त परिसर दाखवणारं चित्र थांबवा आणि स्क्रीनशॉट घ्या. अक्षरांच्या पट्ट्या छाटा.
>
> चित्रावरून शोधा. निकालांत खाली जा. जुनी, लांब, स्वच्छ प्रत कोणती ते पाहा.
>
> चेहऱ्याबद्दल शंका असेल तर चेहरा छाटून उरलेल्या चित्राने शोधा.
>
> मूळ सापडलं नाही तर पाठवू नका.

चेहरा बदललेला असेल तेव्हा

इथवर आपण खऱ्या चित्रणाचा खोटा वापर पाहिला. फिरणाऱ्या खोट्या व्हिडिओंमध्ये हा प्रकार फार मोठा आहे. पण तुम्हाला उत्सुकता असेल ती डीपफेकची, म्हणजे संगणकाकडून चेहरा किंवा आवाज बदलून घेतलेल्या व्हिडिओची. तिथेही हीच सवय चालते का? बहुतेक वेळा चालते, आणि का चालते ते समजायला डीपफेक बनतो कसा हे पाहावं लागेल.

चेहरा बदलणारा प्रोग्रॅम आधी एका व्यक्तीचे पुष्कळ फोटो पाहून तिचा चेहरा शिकतो : हसताना कसा, मान वळवल्यावर कसा, सावलीत कसा. मग दुसऱ्याच कुणाचा तरी व्हिडिओ घेतला जातो. त्यातल्या प्रत्येक चित्रात प्रोग्रॅम डोळे, नाक, ओठ, हनुवटी यांच्या जागा शोधतो आणि तेवढ्या भागावर शिकलेला चेहरा त्याच कोनात, त्याच हावभावात बसवतो. कडा मिसळून टाकतो. लक्षात घ्या, बदलतो तो कपाळापासून हनुवटीपर्यंतचा तुकडा. कपडे, हात, केस, मागची भिंत, सगळं जुन्या व्हिडिओचंच राहतं.

म्हणून शोधताना चेहरा छाटा आणि उरलेलं चित्र लेन्सला द्या. चेहरा ठेवलात तर यंत्र त्या प्रसिद्ध व्यक्तीचे हजारो फोटो आणून ओतेल आणि तुम्ही हरवून जाल.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना लिफ्टमध्ये शिरतानाचा एक व्हिडिओ फार पसरला. शोध घेणाऱ्या पत्रकारांनी मूळ गाठलं. ते एका ब्रिटिश-भारतीय तरुणीने ऑक्टोबरमध्ये आपल्या इन्स्टाग्रामवर टाकलेलं होतं. तीच लिफ्ट, तेच कपडे, तीच चाल, वेगळा चेहरा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर वाद उरलाच नाही. बनावट व्हिडिओ हळूहळू पाहिला तर अगदी सुरुवातीला, ती लिफ्टमध्ये पूर्ण शिरण्याआधी, क्षणभर मूळ तरुणीचाच चेहरा दिसतो आणि मग बदलतो. पुढे जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी या प्रकरणी आंध्र प्रदेशातून एकाला अटक केली. यात त्या दोघींचाही अपमान झाला, एकीचा चेहरा चोरला आणि दुसरीचं शरीर. तुमच्या वर्गातल्या कुणाबद्दल असा व्हिडिओ आला, तर तो ‘खरा की खोटा’ हे तपासायला म्हणूनसुद्धा आणखी कुणाला पाठवू नका. ज्या मोठ्या माणसावर विश्वास आहे, त्याच्याकडे थेट जा.

ओठ मिटतात का?

दुसरा प्रकार बोलण्याचा. चेहरा त्याच माणसाचा, व्हिडिओही त्याच्या एखाद्या खऱ्या मुलाखतीचा. फक्त आवाज संगणकाने नक्कल केलेला आणि त्या आवाजाला जुळतील असे ओठ नव्याने काढलेले. जानेवारी २०२४ मध्ये एका व्हिडिओत सचिन तेंडुलकर एका ऑनलाइन गेमची शिफारस करताना दिसत होते. तेंडुलकरांनी स्वतः जाहीर केलं की हा व्हिडिओ खोटा आहे.

इथे मराठी व्याकरणाच्या तासाला शिकलेलं एक कामाला येतं. प, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. दोन्ही ओठ मिटल्याशिवाय ते उच्चारता येत नाहीत. ‘माझा पैसा’ म्हणून पाहा, ओठ दोनदा मिटतात. ओठ नकली असतील तर कधी कधी ‘म’ ऐकू येतो आणि तोंड अर्धवट उघडंच दिसतं. अमेरिकेतल्या हॅनी फरीद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये नेमकी ही विसंगती मोजून बनावट व्हिडिओ ओळखण्याची पद्धत मांडली होती. व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावा आणि फक्त या अक्षरांवर लक्ष ठेवा.

पण ही खूण शंका घ्यायला चांगली आहे, निकाल द्यायला नाही. दुसऱ्या भाषेत डब केलेल्या खऱ्या व्हिडिओतही ओठ जुळत नाहीत. नेट मंद असलं की आवाज मागेपुढे होतो. आणि बनवणारी साधनं दर वर्षी सुधारतात. डोळ्यांची उघडझाप, दातांचा आकार, बोटांची संख्या अशा खुणांच्या याद्या तुम्ही वाचल्या असतील. त्या पाठ करण्यात फार वेळ घालवावा असं मला वाटत नाही, कारण आजची खूण उद्या नाहीशी होते. मूळ शोधणं मात्र जुनं होत नाही. तेंडुलकरांनी खरंच शिफारस केली असेल, तर ती त्यांच्या स्वतःच्या अधिकृत खात्यावर असायला हवी. बोलण्याचं मूळ बोलणाऱ्याकडे. मंत्र्यांची घोषणा असेल तर शासनाच्या संकेतस्थळावर, परीक्षा पुढे ढकलली असेल तर परीक्षा मंडळाच्या. नुसत्या नावाच्या खात्यावर विसंबू नका, तेही बनावट काढता येतं. अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या दुव्यावरून तिथे जा.

सापडलंच नाही तर

ही सवय कुठे थांबते तेही सांगायला हवं. तासाभरापूर्वीचा व्हिडिओ शोधयंत्रांपर्यंत पोहोचलेला नसतो. फक्त व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांत फिरणाऱ्या गोष्टी त्यांना दिसतच नाहीत. आवाजाच्या क्लिपला चित्र नसतं, त्यामुळे तिथे हा मार्ग बंदच. तिच्यातली नेमकी वाक्यं किंवा नावं टाइप करून शोधणं एवढंच उरतं. आणि संपूर्णपणे संगणकाने घडवलेल्या व्हिडिओला कुठलंच खरं मूळ नसतं.

अशा वेळी दुसरा कॅमेरा शोधा. भर बाजारात बिबट्या आला असेल तर तो एकाच फोनमध्ये कसा टिपला गेला? दुसऱ्या बाजूने काढलेला, दुसऱ्या माणसाचा व्हिडिओ हवाच. स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळींची तरी बातमी हवी. बूम, ऑल्ट न्यूज, न्यूजचेकर अशा संस्था फिरणारे व्हिडिओ तपासून मुळासकट मांडतात, त्यातलं काही मराठीतही मिळतं. व्हिडिओतली मुख्य वस्तू आणि जागेचं नाव टाकून शोधलंत, तर पुष्कळदा कुणीतरी तुमच्या आधी हे काम केलेलं दिसेल.

तेही नसेल तर ‘मूळ सापडलं नाही’ हेच तुमचं उत्तर, आणि मेसेज तिथेच थांबवायचा. घरच्या ग्रुपवर आजोबांनी तो टाकला असेल, तर ‘आजोबा, हे खोटं आहे’ असं सगळ्यांसमोर लिहू नका. त्यांना वेगळा फोन करून सांगा, मूळ सापडलं असेल तर त्याचा दुवा द्या आणि तो त्यांनाच ग्रुपवर टाकू द्या. तो त्याच ग्रुपवर पडणं गरजेचं आहे, कारण खोटं वाचलेली माणसं तिथे आहेत.

उरला एक प्रश्न, जो मुलं हमखास विचारतात : मेसेज खरा असेल आणि शोधण्यात वेळ गेला तर? समजा रात्री दहाला मेसेज आला की पलीकडच्या गल्लीत मूल पळवणारे लोक पकडलेत, सगळ्यांनी या. तेव्हा स्क्रीनशॉट काढत बसू नका. ११२ ला फोन करा आणि जागा सांगा. मूल खरंच संकटात असेल तर त्याला पोलीस हवेत. आणि पकडलेली माणसं निर्दोष असतील, तर त्यांना ते त्याहून लवकर हवेत.